मदत हवी आहे: 5 दिवस दूध बंद ठेवायचंय, दूधवाल्या काकांना नेमकं कसं सांगू?

रानफूल:
नमस्कार मंडळी, बुधवारी 11 फेब्रुवारीला रात्रीच्या बसने पुण्याहून मालवणला निघतोय आणि सोमवारी 16 ला रात्री उशिरा परत. रोज 1 लिटरचा रतीब आहे, पहाटे साडेपाचला पोऱ्या दाराला लावलेल्या पिशवीत टाकून जातो. मागच्या वेळी मी काकांना "20 ते 24 दूध नको" एवढाच मेसेज केला होता, आम्ही 24 ला पहाटे घरी पोचणार होतो म्हणून मला वाटलं 24 चं येईल, तर त्यांनी 24 पण बंद धरला, लेक दुधासाठी रडत बसली. आणि 20 ला मात्र पोऱ्या दूध टाकून गेलाच! दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी फोटो पाठवला, पिशव्या टम्म फुगलेल्या. बिलाच्या वेळी खाडे 4 का 5 यावर वाद झाला तो वेगळाच. यावेळी काय लिहू?

चहाबाज:
आदल्या रात्री मेसेज टाकायचा, बास. आम्ही तेच करतो.

पहाटपाळी:
आठ वर्षं लाईन टाकलीय म्हणून सांगतो, रात्रीचा मेसेज उपयोगाचा नाही. उद्याच्या माझ्या पिशव्यांची ऑर्डर आदल्या दुपारीच एजन्सीला जायची, रात्री कुणी नको म्हटलं की ते दूध माझ्या अंगावर. दोन दिवस आधी सांगा. आणि "ते" लिहूच नका, त्यात शेवटचा दिवस धरायचा का नाही हे जो तो आपापलं ठरवतो. शेवटचं दूध कधी आणि परत चालू कधी, हे वार घालून लिहा. मेसेज मालकाला जातो, टाकणारा पोऱ्या वेगळा, त्यामुळे बुधवारी पहाटे रिकाम्या पिशवीत चिठ्ठी पण ठेवा.

डबेवाली_सून:
आमच्या डब्याच्या काकू तर सलग 3 दिवसांच्या खाली खाडा धरतच नाहीत, शनिवार-रविवार गावाला गेलं तरी पैसे पूर्ण. हे बरोबर आहे का?

पहाटपाळी:
ताई, डब्याचं गणित वेगळं, भाजी आधी आणलेली असते. महिना सुरू होतानाच काय ठरलंय ते बघा.

चहाबाज:
पण चिठ्ठी दारावर दिसली तर घर बंद आहे हे सगळ्यांना कळणार की.

पहाटपाळी:
म्हणूनच पिशवीच्या आत म्हटलं. पोऱ्याने चिठ्ठी नेली की पिशवी आत घ्या, टांगलेली दिसली की सवयीने हात जातो.

रानफूल:
आत्ताच पाठवला: "काका, बुधवार 11 ला सकाळी शेवटचं दूध. गुरुवार 12, शुक्र 13, शनि 14, रवि 15, सोम 16 नको, 5 खाडे. मंगळवार 17 ला सकाळी 1 लिटर चालू. फेब्रुवारीचं बिल 28 वजा 5, 23 लिटर." कॅलेंडरवर पण 5 फुल्या मारल्या. त्यांचं "ओके" आलंय, पण पोऱ्या मध्येच बदलला तर काय करायचं?