अडीच पानांचे स्वगत पटकथेत कसे आणावे?

अबोली
माझ्याच दोन अंकी नाटकाची पटकथा लिहीत आहे. वडील वारल्यानंतर भाऊ घरी येतो आणि सारे नाटक त्याच घरात घडते. दुसऱ्या अंकात बहीण प्रेक्षकांकडे तोंड करून अडीच पानांचे स्वगत बोलते. त्या रात्री वडिलांनी पाणी मागितले होते, तिने ते ऐकले होते, पण ती उठली नव्हती. भावाला हे शेवटपर्यंत कळत नाही. सहकारी म्हणतात, ही रात्र पूर्वदृश्यात दाखवून टाक. मला ते पटत नाही, पण स्वगत तसेच ठेवणेही जमत नाही. काय करावे?

कोरी पाटी
सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, म्हणजे अडीच मिनिटे एक बाई उभी राहून बोलत राहणार. चित्रपटात जे दाखवता येते ते बोलायचे नसते. ती रात्र लिहा, खोलीतला अंधार लिहा, वडिलांची हाक लिहा, आणि स्वगत पूर्ण काढून टाका. एका पात्राच्या तोंडी सलग तीनपेक्षा जास्त ओळी आल्या की मी थांबून विचार करतो.

संकलक
पानाचा हिशेब ढोबळमानाने ठीक आहे, मात्र सलग भाषणाचे पान मिनिटापेक्षा कमी-जास्त वेळ घेते आणि तीन ओळींचा नियम कुणीही केलेला नाही. माझी हरकत पूर्वदृश्याला आहे. रंगमंचावर ती सांगते तेव्हा तिने स्वतःला किती दोष द्यावा, तिने खरेच ऐकले होते की आता तिला तसे वाटते आहे, हे प्रेक्षक स्वतः तोलत असतो. तीच रात्र पडद्यावर दिसली की ती पुरावा ठरते, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेवर प्रेक्षक सहसा शंका घेत नाही. ज्या शंकेवर तुमचे स्वगत उभे आहे तीच त्यामुळे संपून जाईल.

म्हणून ती रात्र दाखवू नका, त्या रात्रीचा तिच्यावर झालेला परिणाम दाखवा. पहिल्याच दिवशी भाऊ विचारतो, ‘शेवटी काही म्हणाले का?’ ती म्हणते, ‘नाही, झोपेतच गेले.’ प्रेक्षकाला यात खटकण्यासारखे काही नाही. त्या रात्री भाऊ वडिलांच्या खोलीत झोपतो आणि अंधारात त्याला खोकला येतो. खोकला थांबण्याआधीच ती भरलेले भांडे घेऊन दारात उभी आहे. तिच्या अंगावर दिवसाचेच कपडे आहेत, म्हणजे ती झोपलेलीच नव्हती. भाऊ म्हणतो, ‘अगं, मी मागितलं कुठे?’ ती भांडे ठेवून निघून जाते. दुसऱ्या रात्री तो खोकतही नाही, तरी उशाशी भांडे आहे. तिसऱ्या रात्री तो चिडून ते खिडकीत नेऊन ठेवतो आणि सकाळी ते पुन्हा उशाशी असते. हे सारे साधारण दीड पानात बसते आणि त्यात पहिल्या दिवशीच्या त्या उत्तराखेरीज तिच्या तोंडी एकही वाक्य नाही.

एवढे झाल्यावर अडीच पानांतली चार वाक्ये पुरतील: ‘दोन वाजले होते. त्यांनी पाणी मागितलं. मी ऐकलं. मी उठले नाही.’ आधीची भांडी प्रेक्षकाच्या मनात तेव्हा आपोआप जुळतात.

तिसरी घंटा
ही चार वाक्ये ती कुणाला सांगणार, हा प्रश्न आपण टाळला आहे. रंगमंचावर ती आम्हा प्रेक्षकांना सांगते. समोर बसलेल्या माणसांशिवाय तिचे ऐकणारे कुणी नाही आणि भावाला ते कधीच कळत नाही, हेच तिचे दुःख आहे. पटकथेत तिला श्रोता मिळवून दिलात की तिचा एकटेपणा गेला. मी अनेक वर्षे रंगमंचावर काम केले आहे. स्वगतात माहिती देणे हे दुय्यम काम असते. त्या क्षणी पात्र आणि प्रेक्षक यांच्यात जो करार होतो तो महत्त्वाचा असतो, आणि भांड्याच्या हालचालींनी त्याची भरपाई होत नाही. शिवाय ती भाषा लेखिकेने कमावलेली आहे. अडीच पानांची चार वाक्ये करताना लयही जाते, हे कुणी मोजणार आहे की नाही?

संकलक
श्रोत्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो सर्वांत अवघडही आहे. पीटर शॅफर यांच्या ‘अमेडियस’ (1979) या नाटकात सालिएरी थेट प्रेक्षकांशी बोलतो. 1984 च्या चित्रपटाची पटकथा शॅफर यांनीच लिहिली आणि त्यात सालिएरीसमोर एक तरुण पाद्री आणून बसवला. कबुलीजबाब ऐकणारा माणूस मिळाल्यामुळे प्रत्येक वाक्य कुणावर तरी आदळू लागते आणि कॅमेऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा मिळतो. बदल मोठा आहे, तरी तो मूळ लेखकानेच केला. अबोलीताईंच्या नाटकात मात्र भावाला श्रोता केले तर नाटकच बदलेल, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ज्याला या घराशी देणेघेणे नाही असा कुणी, उदाहरणार्थ वडिलांच्या खोलीतले सामान उचलायला आलेला माणूस, श्रोता होऊ शकतो. तो ऐकतो, काय उत्तर द्यावे ते त्याला सुचत नाही, आणि तो खाट उचलून निघून जातो.

मधली रांग
मला वाटते, एवढी उठाठेव कशाला? आमच्या मंडळाच्या नाटकाचे आम्ही तीन कॅमेरे लावून चित्रीकरण केले आणि स्वगताच्या वेळी एक कॅमेरा अगदी चेहऱ्याजवळ नेला. एकही शब्द बदलला नाही. घरच्यांना फार आवडले.

कोरी पाटी
मधली रांग, ते प्रयोगाचे चित्रीकरण झाले. येथे चर्चा पटकथेची आहे. पण तुमच्या अनुभवातून एक गोष्ट दिसते: चेहरा जवळून दिसला की शब्द कमी लागतात. ‘तुझे हात का थरथरताहेत?’ यासारखी वाक्ये शेवटच्या रांगेसाठी असतात, कारण तिथून हात दिसत नाहीत. पटकथेत ती सर्वांत आधी काढावीत. पूर्वदृश्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. शंका नको असेल तर पूर्वदृश्य उत्तमच.

अबोली
शंका हवी आहे, म्हणून पूर्वदृश्य नको. भांड्याचा क्रम पहिल्या मसुद्यात घेते. सहकाऱ्यांची दुसरी सूचना अशी होती की भाऊ-बहिणीची भांडणे बाजारात आणि रस्त्यावर न्यावीत, म्हणजे चित्रपट ‘मोकळा’ होईल. त्याबद्दल काय वाटते?

संकलक
तेच संवाद बाहेर नेऊन काही साधत नाही, उलट घराचा कोंडलेपणा जातो. बाहेर जाऊन काहीतरी नवे कळत असेल तरच प्रसंग बाहेर न्यावा. मसुदा झाल्यावर सगळे संवाद पेन्सिलने खोडून फक्त कृतीच्या ओळी दुसऱ्याला वाचायला द्या आणि बहीण कशापासून लपते आहे ते विचारा. ‘तिला अपराधी वाटते’ असे वाक्य तुमच्या कृतीत सापडले तर ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे भांडे किंवा न झोपलेले कपडे हवेत.

तिसरी घंटा
ही चाचणी मला मान्य आहे, पण तिची उलटी बाजूही करून पाहावी. कृतीच्या ओळी झाकून केवळ चार वाक्ये वाचा आणि त्यांत ती बहीण उरते का ते पाहा. माझ्या मते ‘मी ऐकलं’ आणि ‘मी उठले नाही’ यांच्यामध्ये मूळ स्वगतातले निदान एक लांब वाक्य राहायला हवे, ज्यात ती अंथरुणात काय मोजत पडली होती ते येते. सामान उचलणारा माणूस मला अजूनही परका वाटतो.

अबोली
ते वाक्य ठेवून आणि काढून, असे दोन्ही मसुदे करीन. श्रोत्याबाबत निर्णय झालेला नाही.