मदत हवी आहे: पऱ्याच्या ग्रॅव्हिटी लाइनमध्ये हवा धरते, पाणी निम्म्याहून कमी येतं

पोफळीवाला

राजापूर तालुक्यात डोंगरातल्या पऱ्यावरून बागेच्या टाकीपर्यंत लाइन टाकली आहे. पंप नाही, पाणी उतारानेच येतं. ५० मिमी बाहेरच्या मापाचा काळा एचडीपीई पाइप, आतून ४४ मिमी, लांबी ६०० मीटर. वरच्या टाकीच्या पाण्यापासून खालच्या टोकापर्यंत १२ मीटरचा उतार आहे.

पण उतार सरळ नाही. लेव्हल ट्यूबने मापं घेतली, सगळी वरच्या पाण्यापासून खाली:
८० मीटरवर कातळाचा पहिला माथा, फक्त अर्धा मीटर खाली
मग ओहोळात १२ मीटर खाली
२६० मीटरवर दुसरा माथा, ७ मीटर खाली
मग १५ मीटर खाली
४३० मीटरवर तिसरा माथा, १० मीटर खाली, तिथून शेवटपर्यंत एकसारखी उतरण

खाली २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. पाणी मध्येच खोकल्यासारखं थुंकत येतं. पाइप कुठे चेपलेला नाही. हवाच असेल तर ती काढायची कशी, आणि हवाच आहे हे ओळखायचं कसं?

बांधावरून

हवाच आहे. तिन्ही माथ्यांवर एकेक एअर व्हॉल्व्ह बसवा, विषय संपला. खर्च नको असेल तर खिळा तापवून माथ्यावर पाइपाच्या वरच्या अंगाला भोक पाडा. आधी फुस्स करून हवा जाईल, मग दुधासारखं पांढरं पाणी, मग स्वच्छ चिळकांडी. चिळकांडी आली की लाकडी खुंटी ठोका. आमच्याकडे सगळे असंच करतात.

सुमेधा_पुणे

आमच्याकडेही हाच त्रास आहे. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात पाणी बारीक, खाली जोरात. गच्चीवरच्या टाकीचा पाइप कठड्यावरून वर चढून मग खाली उतरतो. प्लंबर म्हणतो प्रेशर पंप लावा. लावू का?

मोजपट्टी

पोफळीवाला, भोकं पाडण्याआधी दोन गोष्टी बघा. वरच्या टाकीच्या सांडव्यातून पाणी वाहून जातंय का? सांडवा कोरडा असेल तर पऱ्यालाच पाणी कमी आहे, मग पाइपाला दोष नाही.

दुसरं, खालच्या टोकाला व्हॉल्व्हच्या अलीकडे प्रेशर गेज लावा. ० ते २.५ किलोचा घ्या, १० किलोच्या गेजवर एवढा बारीक दाब वाचताच येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून काटा थांबेपर्यंत वाट पाहा. १२ मीटर उताराला १.२ किलो दिसला पाहिजे. पाइपात पाला किंवा माती अडकली असेल तरी पाणी थांबल्यावर काटा सावकाश १.२ वर येतोच, कारण थांबलेल्या पाण्याला अडथळा आड येत नाही. हवा धरली असेल तर काटा कमीच राहतो. जितका कमी, तितके मीटर हवेने खाल्ले.

सुमेधाताई, कठड्यावरच्या त्या वळणाच्या माथ्यावर टी बसवून एक उघडा उभा पाइप टाकीच्या काठाच्या वर हातभर न्या, टोक खाली वळवा. प्रेशर पंप त्यानंतरही लागला तर बघू.

पोफळीवाला

सांडवा दिवसरात्र वाहतो. गेज ०.३ वर थांबला, अर्धा तास वाट पाहिली तरी तिथेच.

मोजपट्टी

म्हणजे १२ पैकी ९ मीटर गेले. हवा एवढी उंची कशी खाते ते सांगतो, कारण उपाय त्यातच आहे.

लाइन पहिल्यांदा भरताना पाणी माथ्यावर चढतं आणि पलीकडच्या उतरणीवर पन्हळीसारखं पाइपाच्या तळाने घसरत जातं. वरच्या अर्ध्या भागात हवा तशीच राहते. पुढच्या खोलगट भागात पाणी साचलं की हवेची बाहेर पडायची वाट बंद होते. त्या पट्ट्यात पाणी मोकळं पडतंय, त्याच्या पडण्याचा दाब पुढच्या पाण्याला मिळत नाही. हवा उतरणीवर उभ्या मापात ५ मीटर पसरली असेल तर ५ मीटरचा उतार फुकट गेला. तिन्ही उतरणींवरची अशी मापं मिळून तुमच्याकडे ९ झाली.

भरलेल्या पाइपातून १२ मीटरवर मिनिटाला साधारण ७७ लिटर यायला हवेत. उरलेल्या ३ मीटरवर ३६ च्या आसपास. तुम्हाला ३० मिळतात, कारण वाहताना पाइपातला दाब आणखी कमी होतो आणि हवा थोडी फुगते. आता ३० लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ३३ सेंटिमीटर पडतो. एवढ्या वेगाने उतरणीवरची हवा खाली ढकलली जात नाही, बुडबुडे उलटे माथ्याकडे पळतात. हवेमुळे पाणी मंद आणि पाणी मंद म्हणून हवा जागची हलत नाही. आपोआप सुटेल म्हणून वाट पाहू नका.

बांधावरून

मग मी तेच म्हटलं ना, माथ्यावर व्हॉल्व्ह.

मोजपट्टी

दुसऱ्या आणि तिसऱ्या माथ्यासाठी तुमचं बरोबर आहे. पहिल्यावर एअर व्हॉल्व्ह किंवा उघडं भोक ठेवलं तर घात होईल. ७७ लिटर वाहताना या पाइपात दर १०० मीटरला २ मीटर उंची घर्षणात जाते. म्हणजे ८० मीटरवर १.६ मीटर गेले, आणि माथा तर पाण्याच्या फक्त अर्धा मीटर खाली आहे. १.१ मीटरचा उलटा दाब, पाइप तिथे बाहेरची हवा ओढणार. एअर व्हॉल्व्हच हवा आत घेईल. खुंटी सैल बसली तरी तेच.

दुसऱ्या माथ्यावर हाच हिशेब केला तर ७ मधून ५.२ गेले, १.८ मीटर सरळ दाब उरतो. तिसऱ्यावर १.४ मीटर. तिथे हवा बाहेरच जाईल. पण इतक्या कमी दाबावर काही लहान एअर व्हॉल्व्हचा बॉल नीट बसत नाही आणि पाणी ठिबकत राहतं. घेताना किमान किती दाब लागतो ते पत्रकात बघा. तुमच्यासाठी ५० मिमीचं सॅडल आणि त्यावर अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह पुरे. सॅडल पाइपाच्या वरच्या अंगाला, माथ्यावर किंवा उतरणीच्या बाजूला हातभर पुढे लावा. चढणीच्या बाजूला लावलं तर कॉकमधून पाणी येईल आणि हवा मागे राहील. पहिल्या माथ्यावरही तसाच कॉक लावा, पण तो फक्त भरतानाच उघडायचा.

आता भरायची पद्धत. खालचा व्हॉल्व्ह बंद, तिन्ही कॉक उघडे, वरचा व्हॉल्व्ह थोडासाच उघडा, मिनिटाला १५ ते २० लिटर जातील इतका. पूर्ण लाइनमध्ये सुमारे ९०० लिटर मावतात, तेव्हा तास धरून चाला. घाईने भरलं तर हवेला कॉकपर्यंत यायला वेळच मिळत नाही. लाइन खालून वर भरत येते, म्हणून पाणी आधी तिसऱ्या माथ्याच्या कॉकमधून येईल. पांढरं पाणी थांबून सलग धार लागली की तो बंद करा, मग दुसऱ्याची वाट पाहा, शेवटी पहिला. बरेच जण वरून सुरुवात करतात, तिथेच चुकतात. सगळे बंद झाले की वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि गेज बघा. १.१ च्या वर असेल तर खालचा हळूहळू सोडा.

पोफळीवाला

काल केलं. तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने पाणी आलं, तिसरा, दुसरा, पहिला. गेज १.१५. बादली १७ सेकंदांत, म्हणजे ७० लिटर! बाग दोन तासांत भिजली. मनापासून आभार.

पोफळीवाला

चौथा दिवस. बादलीला २२ सेकंद लागतात, पुन्हा मधूनमधून थुंकी. दुसऱ्या-तिसऱ्या माथ्याचे कॉक उघडले तर जेमतेम फुस्स, लगेच पाणी. हवा पहिल्यावर असेल?

मोजपट्टी

तिथेच असणार. पण तो कॉक पाणी चालू असताना उघडू नका, हवा आत घेईल. खालचा व्हॉल्व्ह बंद करा, काटा थांबू द्या, मग उघडा. थांबलेल्या पाण्याला तिथे अर्ध्या मीटरचा दाब असतो, तेवढ्याने हवा निघते.

कायमचा उपाय दोनपैकी एक. खालचा व्हॉल्व्ह आवळून ४० लिटरच घ्या. मग ८० मीटरला घर्षण अर्ध्या मीटरच्या किंचित आत येतं आणि उलटा दाब राहत नाही. किंवा पहिले ८० मीटर ७५ मिमीचा पाइप टाका, तिथलं घर्षण ०.२ मीटरवर येईल आणि पूर्ण पाणी घेता येईल. ६३ मिमीचा घेऊ नका, तो अगदी काठावर बसतो.

बांधावरून

पाइप कशाला बदलायचा? माथ्यावर दीड मीटर चर मारून पाइप खाली घ्या. आणि उलटा दाब असला तरी सायफन चालतोच की. माझ्या मते हवा वरच्या तोंडातून येते.

मोजपट्टी

चर मारणं उत्तम, कातळ फोडायची तयारी असेल तर. सायफन चालतो हेही खरं, पण उलट्या दाबात पाण्यात विरघळलेली हवा सुटत राहते आणि कपलरच्या रबरातूनही ती आत येते. वरच्या तोंडाबद्दल तुमची शंका रास्त आहे. पोफळीवाला, जाळी पाण्याखाली किती आहे?

पोफळीवाला

वीतभर. कधीकधी वर बारीक भोवरा फिरताना दिसतो.

बांधावरून

बघा! भोवरा म्हणजे हवा.

मोजपट्टी

भोवरा असेल तर हवा तिथूनही जात असणार. जाळी किमान हातभर खाली न्या, तोपर्यंत वर फळीचा तुकडा तरंगत ठेवा, भोवरा मोडतो. पण एकाच वेळी दोन्ही बदलू नका. आधी फक्त जाळी खाली न्या, लाइन पुन्हा भरा आणि चार दिवस रोज बादली मोजा. वेळ १७ सेकंदांवर टिकली तर ७५ मिमीचा खर्च वाचला. पुन्हा २२ वर गेली तर पहिला माथाच.

पोफळीवाला

उद्या जाळी खाली नेतो. रोजचे सेकंद इथेच लिहीन.