उशिरा येण्यावरून लेखी ताकीद : तुमचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी मेल कुणी लिहिली असेल किंवा कुणाला आली असेल, तर त्यात नेमकं काय होतं ते सांगा. कंपनीचं नाव नको.

उद्यमबाग, एचआर
मॅनेजरांच्या मसुद्यात ‘तुम्ही नेहमी उशिरा येता, बेजबाबदार आहात’ असं होतं. ते काढून मी एवढंच ठेवलं:

‘तुमची शिफ्ट सकाळी 8:30 ची आहे. गेटवरच्या नोंदीप्रमाणे तुम्ही 3 जूनला 8:52, 5 जूनला 8:47, 10 जूनला 9:05 आणि 12 जूनला 8:50 ला आलात. 6 जूनला सुपरवायझर तुमच्याशी बोलले होते. 16 जूनपासून वेळेवर यावं. काही अडचण असेल तर 17 जूनपर्यंत सांगा, वेळेत काय बदल करता येईल ते पाहू. नोंद चुकीची वाटली तर तेही कळवा. 14 जुलैला आपण दोघं नोंदी पुन्हा बघू.’

पाठवायच्या आधी गेटच्या मशीनचं घड्याळ तपासलं. ते पुढे असेल तर सगळीच मेल खोटी पडते. तारखा ओळीनं लिहिल्यावर दिसलं, सगळे मंगळवार आणि गुरुवार. विचारलं तर वडिलांचं डायलिसिस. सुपरवायझरांना त्यानं ‘बस चुकली’ एवढंच सांगितलेलं! आता त्या दोन दिवशी तो 9:15 ला येतो आणि तेवढाच उशिरा सुटतो. बदलाच्या मेलमध्ये फक्त वेळ लिहिली, वडिलांचं आजारपण नाही.

निपाणी
एवढं कशाला? तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. कायदाच आहे तो.

उद्यमबाग, एचआर
कायदा नाही, काही कंपन्यांचा नियम आहे. 2019 ची वेतन संहिता उलट सांगते: गैरहजेरीसाठी, जेवढा वेळ काम केलं नाही तेवढ्याचाच पगार कापता येतो. मात्र सवयीनं उशिरा येणं कारखान्यांसाठीच्या सरकारी नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनात धरलंय. उद्या चौकशी लागली तर तारखा-वेळाच कामाला येतात, ‘नेहमी’ नाही.

खानापूर
आमच्यात मेल कुठली हो! माझं नाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकलं. सकाळची बस भरून आली की थांबतच नाही, त्याला मी काय करू? आणि सायबाला दुचाकीवरनं येताना कोण विचारतंय?

मच्छे, मशीन शॉप
मला इंग्रजीत आली होती. प्रिंटवर सही मागितली, मी केली नाही. सही केली की कबूल केल्यासारखंच झालं की.

उद्यमबाग, एचआर
तसं नाही. सहीवर ‘मिळालं, मजकूर मान्य नाही’ असं लिहून द्यायचं. आणि कळत नसेल तर मराठीत किंवा कन्नडमध्ये द्या म्हणून मागा. आम्ही इंग्रजीसोबत माणूस वाचतो त्या भाषेतली प्रत देतो.

मच्छे, मशीन शॉप
बरं. पण पुढं सहा महिने वेळेवर आलो तर ती ताकीद फाईलमधून काढतात का?

उद्यमबाग, एचआर
आमच्या नियमांत तेच लिहिलेलं नाही. मी मागतोय, मॅनेजर नाही म्हणतात.