दोन साहेब, दोन उलट सूचना आणि उत्तर एकाच मेलमध्ये: तुमचे अनुभव सांगा

खाडीपलीकडची

मंडळी, हा धागा नोकरीतल्या एका नेहमीच्या पेचासाठी. एकाच मेलवर दोघं उलट सूचना देतात, दोघंही आपल्याहून वरचे, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उत्तर द्यायचं ते आपण. कोणाचीही बाजू न घेता तुम्ही काय लिहिलंत, ते कसं अंगाशी आलं किंवा कसं निभावलं, ते सांगा. सुरुवात मी करते.

मी तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. प्लांट तळोज्याला, माल न्हावा शेव्यातून जातो. ऑर्डर होती १६० ड्रमची, म्हणजे वीस फुटी दोन कंटेनर, एकेकात ८०. पैसे एलसीवर, म्हणजे ठरलेल्या अटींबरहुकूम कागद दिले तरच गिऱ्हाइकाची बँक पैसे देणार. सोमवारी प्लांटवर ११० ड्रम तयार होते. सेल्सच्या साहेबांचा मेल आला: गिऱ्हाइकाकडचा साठा संपत आलाय, एक कंटेनर या शुक्रवारच्या जहाजाने काढा. तासाभरात त्याच मेलवर फायनान्सच्या मॅडम: एलसीत पार्शल शिपमेंटला मनाई आहे, दोन्ही एकत्र जाईपर्यंत एकही कंटेनर हलवू नका. पुढचं जहाज आठवड्याने होतं, तेही एलसीच्या शेवटच्या शिपमेंट तारखेच्या आत. दोघांनी टूमध्ये मला एकटीला ठेवलं होतं, बाकी सगळं ऑफिस सीसीत बसून मजा बघत होतं.

मी रिप्लाय ऑलमध्ये लिहिलं ते असं:

> साहेब, मॅडम,
> दोन्ही सूचना मिळाल्या. अजून कुठल्याच सूचनेवर काम सुरू केलेलं नाही.
>
> सेल्सची सूचना: ८० ड्रमचा एक कंटेनर या शुक्रवारी. तसं केल्यास गिऱ्हाइकाला अर्धा माल आठवडाभर आधी मिळेल. एलसीत दुरुस्ती झाली नाही तर कागद डिस्क्रेपंट ठरतील आणि पैसे गिऱ्हाइकाच्या होकारावर अडतील.
>
> फायनान्सची सूचना: दोन्ही कंटेनर पुढच्या शुक्रवारी. तसं केल्यास कागद एलसीबरहुकूम राहतील. गिऱ्हाइकाला माल आठवडा उशिरा मिळेल.
>
> प्लांटला प्रश्न: उरलेले ५० ड्रम क्यूसी होऊन बुधवारी सकाळपर्यंत मिळतील का? मिळाले तर दोन्ही कंटेनर याच जहाजाने जातील.
> सेल्सला प्रश्न: गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे पार्शलची दुरुस्ती मागायला तयार आहे का?
>
> डायरेक्टर साहेब, निर्णय तुमचा. बुधवारी दुपारी बारापर्यंत हवा. गेट कट-ऑफ गुरुवारी दुपारी आहे आणि बारानंतर भरायला घेतलेला कंटेनर तिथे वेळेत पोचण्याची खात्री नाही. तोवर दोन्ही कंटेनरचं बुकिंग धरून ठेवते आणि ८० ड्रमचे कागद तयार करून ठेवते. बारापर्यंत काही कळलं नाही तर गाडी भरणार नाही.

प्लांटने कळवलं की ५० ड्रमच्या लॉटमध्ये मॉइश्चर जास्त आलंय, शुक्रवारच्या आधी आशा नाही. गिऱ्हाईक दुरुस्ती मागायला तयार झालं. डायरेक्टर साहेबांनी एक ओळ लिहिली: दुरुस्ती बुधवारी बारापर्यंत आपल्या बँकेत पोचली तर एक कंटेनर सोडा, नाहीतर दोन्ही पुढच्या जहाजाने. ती पोचली नाही. दोन्ही पुढच्या आठवड्यात गेले.

सेल्सचे साहेब अजून म्हणतात, "सगळं तोलून मापून लिहिलंस आणि शेवटच्या ओळीत फायनान्सची झालीस." माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

पाचपाखाडी ४००६०२

एवढं रामायण कशाला? बॉसला सीसीत घ्यायचं, "प्लीज ॲडव्हाइज" लिहायचं आणि जेवायला जायचं. आपण पगार घेतो तो हुकूम पाळायचा, निवाडा करायचा नाही.

आणि ताई, एक चूक सांगतो. उरलेले ५० ड्रम आले असते तरी कंटेनर वेगवेगळ्या दिवशी भरले, जहाज कंपनीचे माल चढवल्याचे कागद, म्हणजे बीएल, वेगळे निघाले, की ते पार्शलच झालं असतं. बँक सोडत नाही.

जुना सीएचए

पाचपाखाडीकर, पहिल्या मुद्द्यात तुम्ही अर्धे बरोबर. निवाडा आपला नाही, हे खरंच. पण नुसतं "ॲडव्हाइज" लिहिलं की वरच्या माणसाला अख्खा मेल खालून वर वाचावा लागतो, आणि तो वाचत नाही. शिवाय सीसीतला माणूस समजतो की हे माझ्या माहितीसाठी आहे. निर्णय ज्याचा, त्याला टूमध्ये आणायचं, त्याच्या नावाने वेगळी ओळ लिहायची आणि तिच्यात वेळ घालायची. वेळेचं कारणही द्यायचं. नुसतं "अर्जंट" लिहिलं तर कोण हलतो? कट-ऑफ लिहिला की हलतात.

दुसरा मुद्दा चुकीचा आहे. यूसीपी ६०० चं कलम ३१ काढून बघा. २००७ पासून एलसी त्याच नियमांवर चालतात. एकच जहाज, तीच सफर आणि उतरायचं बंदर तेच असेल, तर बीएल दोन असोत, तारखा वेगळ्या असोत, ते पार्शल धरत नाहीत. म्हणून ताईंनी प्लांटला विचारलेला प्रश्न त्या मेलमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे. सेल्स आणि फायनान्स भांडत होते ते माल अपुरा आहे हे धरून. तो पुरा होईल का, हे ज्याला माहीत होतं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या तीसेक वर्षांत असे निम्मे वाद तिसऱ्याच माणसाच्या उत्तराने मिटले.

दुरुस्तीबद्दलही एक. गिऱ्हाईक "हो" म्हणालं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. त्याने त्याच्या बँकेला अर्ज द्यायचा, त्या बँकेने ती काढायची, मग ती स्विफ्टने आपल्या बँकेत यायची. सेल्सवाले गिऱ्हाइकाचा "ओके, गो अहेड" असा मेल फॉरवर्ड करतात आणि गाडी सोडा म्हणतात. कागद तपासणारी बँक तो मेल बघतही नाही. ताईंच्या डायरेक्टरांनी "आपल्या बँकेत पोचली तर" असं लिहिलं, तो माणूस कधीतरी पोळलेला असणार.

अशा मेलच्या उत्तरात मी दोन शब्द कधी घालत नाही. एक "नोटेड". दोघांनी उलट सांगितलंय आणि तुम्ही दुसऱ्याच्या मेलखाली "नोटेड" लिहिलंत, की तो समजतो माझं मान्य झालं. दुसरा शब्द दोन बाजूंच्या मधला "पण". "सेल्सचं म्हणणं असं आहे, पण फायनान्स म्हणतं" या वाक्यात सेल्स हरलेलं असतं. ताईंनी दोघांना वेगळे परिच्छेद दिले, आधी आलेल्याला आधी, आणि दोघांच्याही पुढे "तसं केल्यास". फायदाही त्यात, तोटाही त्यातच. हे मला आवडलं.

घोडबंदर सेक्रेटरी

आमच्या सोसायटीतही हेच! चौथ्या मजल्यावरचे म्हणतात छतातून पाणी गळतंय, पाचव्यावरच्यांचं बाथरूम फोडा. पाचव्यावरचे म्हणतात बाहेरच्या पाइपचं पाणी आहे, सोसायटीने बघावं. ग्रुपवर रोज शंभर मेसेज. मी लिहिलं, "कमिटी योग्य ती कार्यवाही करेल." दोघांनीही मला अंगठा दिला. पुढच्या रविवारी प्लंबर आला तर चौथा म्हणतो फोड, पाचवा म्हणतो हात लावून बघ. अशा लोकांना शांत कसं करायचं, कोणी सांगेल का?

खाडीपलीकडची

काका, शांत करायचं औषध माझ्याकडे नाही, धागाही त्याचा नाही. पण ते दोन अंगठे महत्त्वाचे आहेत. एकाच वाक्यात दोघांना आपापला विजय दिसला. गळती आतल्या न्हाणीघराची असेल तर खर्च सभासदाचा, बाहेरच्या कॉमन पाइपची असेल तर सोसायटीचा, हे उपविधीत आहेच ना? मग तपासणी कोण करणार, कुठल्या दिवशी, आणि आतलं निघालं तर कोण भरणार, बाहेरचं निघालं तर कोण, हे फोडाफोडीच्या आधी लिहा. अंगठे कमी पडतील.

माइंडस्पेस_शेवटची_बस

मी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या पेचात एक वेगळीच गंमत होते. क्लायंटकडचे दोन मॅनेजर. एकाला रिपोर्टमध्ये ग्राहकाचा पूर्ण मोबाइल नंबर हवा, दुसरीला शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेला. ती ज्या मेलला उत्तर देते तो कालचा असतो, त्यात पहिला मॅनेजर नसतोच. म्हणजे एकाच विषयाच्या दोन फांद्या होतात. तुम्ही एका फांदीवर कितीही तोलून लिहा, दुसरीकडे कोणाला पत्ताच नसतो, आणि मग "मला न विचारता ठरवलं" हे येतंच.

म्हणून मी आधी दोन्ही फांद्यांवरची नावं जुळवतो. मग सगळ्यात ताज्या मेलवर उत्तर देतो, आणि दुसऱ्या फांदीवरचं मूळ वाक्य तारखेसकट जसंच्या तसं चिकटवतो. आपल्या शब्दांत मांडलं की "मी असं म्हणालेच नव्हते" यावर दोन दिवस जातात. दुसऱ्या फांदीवर एवढंच लिहितो: उत्तर अमुक वाजताच्या मेलमध्ये आहे, कृपया तिथे बोलू.

आणि ज्याच्यावर वाद नाही ते काम सुरू ठेवतो. आमच्याकडे बाकीच्या कॉलमांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ताईंनी ८० ड्रमचे कागद तयार ठेवले, तसंच.

पाचपाखाडी ४००६०२

बीएलचं मान्य, सीएचए साहेब. पण मेल टाकायच्या आधी दोघांना फोन का नाही केला? फोनवर दोन मिनिटांत मिटलं असतं.

जुना सीएचए

फोन करावा, पण मिटवायला नव्हे. "तुमची आणि त्यांची सूचना उलट आहे, दोन्ही मांडून साहेबांकडे निर्णय मागतेय" हे एकच वाक्य दोघांना सांगायचं, म्हणजे मेल बघून कोणी दचकत नाही. एकाशी बोलत बसलात की दुसऱ्याला वास लागतोच.

आता ताईंचा मूळ प्रश्न. "काही कळलं नाही तर गाडी भरणार नाही" ही बाजू आहे का? माझ्या मते नाही. काहीच ठरलं नाही तर जे परत फिरवता येतं ते करायचं. कंटेनर भरून गेटच्या आत गेला आणि निर्णय उलटला, तर बॅक टू टाऊन करावा लागतो, म्हणजे बंदरातून परत बाहेर काढावा लागतो, त्याचा खर्च आणि कागदांचा घोळ वेगळा. जहाज सुटलं की तोही रस्ता बंद. न भरलेला कंटेनर पुढच्या आठवड्यात भरता येतो.

वागळे इस्टेट

मी सेल्समध्ये आहे, म्हणून माझं जरा ऐका. तुम्हाला परत फिरवता येतं ते कंटेनरचं. गिऱ्हाइकाची लाइन आठवडाभर बंद पडली तर ती परत फिरते का? त्याने दुसऱ्याकडून माल उचलला तर?

आणि त्या मेलमध्ये दोन्हीकडे सारख्या ओळी आहेत, पण वजन सारखं नाही. फायनान्सचा तोटा "पैसे अडतील" असा, वाचताच छातीत धस्स होतं. सेल्सचा तोटा "आठवडा उशिरा", जणू कुरिअरचं पार्सल. गिऱ्हाइकाकडे किती दिवसांचा साठा उरलाय हे त्यात कुठेच नाही. तो जहाजाच्या प्रवासापेक्षा कमी असता, तर तुमच्या डायरेक्टरांनी बारापर्यंत वाट बघितली नसती, बँकेला स्वतः फोन लावला असता.

खाडीपलीकडची

साठ्याचा आकडा साहेबांच्याच मेलमध्ये नव्हता, फक्त "संपत आलाय" होतं. आकडे त्यांच्याकडून मागवून मग मेल टाकायचा, तर सोमवार तिथेच गेला असता.

वागळे इस्टेट

मग तो तिसरा प्रश्न म्हणून घालायचा होता, प्लांटच्या प्रश्नाखाली. "सेल्सला प्रश्न: आज साठा किती दिवसांचा?" त्याला सोमवार लागत नाही.

जुना सीएचए

हे मात्र बरोबर आहे. तरी न भरण्याच्या ओळीवर मी ठाम आहे. ज्या बँकेचा एलसी, ती गिऱ्हाइकाची बँक कागद तपासायला पाच बँकिंग दिवसांपर्यंत घेते, डिस्क्रेपन्सी निघाली तर गिऱ्हाइकाचा होकार येईस्तोवर पैसे अडतात. तेवढ्यात बाजारभाव पडला की हेच घाईतलं गिऱ्हाईक सूट मागतं. बघितलंय.

वागळे इस्टेट

आणि मी एका आठवड्याच्या उशिराने गेलेली गिऱ्हाइकं बघितली आहेत. आपलं काही जमायचं नाही, काका.

माइंडस्पेस_शेवटची_बस

ताई, पुढच्या वेळी ती शेवटची ओळ तुम्ही न लिहिता डायरेक्टरांनाच विचारलं तर? "बारापर्यंत उत्तर आलं नाही तर काय करायचं, तेही आत्ताच सांगून ठेवा."

खाडीपलीकडची

विचारून बघते. आमचे डायरेक्टर दोन प्रश्नांतल्या एकाचंच उत्तर देतात, त्यामुळे तो प्रश्न पहिला घालावा लागेल.