अनुभव धागा: घरातलं जुनं शिलाई मशीन विकताना जाहिरातीत काय लिहिलंत?

सांगलीकरीण
आजीचं मशीन गेल्या महिन्यात विकलं. तुमचेही अनुभव इथे लिहा, पण आधी माझा सांगते.

आजी त्या मशीनवर आळीतल्या बायकांची पोलकी, परकर, दुपटी शिवायची. ती गेल्यावर मशीन आमच्या वाट्याला आलं. आमच्याकडे शिवणारं कोणी नाही. त्याला काच बसवून शोभेचं टेबल करायला माझं मन घेईना. ज्याचं पोट त्यावर चालेल अशा कोणाकडे तरी ते जावं, एवढंच वाटत होतं. पैशांची घाई नव्हती.

जाहिरात टाकण्याआधी तेलपाणी केलं, जुन्या चादरीच्या तुकड्यांवर शिवून पाहिलं आणि जे दिसलं ते लिहिलं:

"सिंगरचं पायमशीन, गोल बॉबिनचं. दोन पदरी सुती कापडावर टाका नीट येतो, वरच्या आणि खालच्या बाजूचे फोटो दिले आहेत. जीन्सच्या जाड घडीवर टाके सोडतं. कापड पुढे नेणारे दात झिजले आहेत, सॅटिनसारखं कापड मागून हलकं ओढावं लागतं. टेबलाची डावी फळी वाळवीने खाल्ली आहे, लोखंडी पाय धड आहेत. बॉबिन भरायच्या चकतीला रबर नाही. चामडी पट्टा नवा. किंमत साडेतीन हजार. आपला कपडा आणून शिवून बघा, मग पैसे द्या."

घरच्यांचं म्हणणं, एवढे दोष लिहिल्यावर कोण घेणार! फोन मात्र आले. दोघातिघांनी "पारा आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवला.

शेवटी तासगावकडचा एक मुलगा आला. वय पंचविशीच्या आत, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतो. पिशवीत अस्तराचा तुकडा, जीन्सचा पाय आणि नव्या सुया घेऊनच आला होता. शिवायला लगेच बसला नाही. दोरा काढून चाक नुसतं हाताने फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. सुईचा दांडा चिमटीत धरून आजूबाजूला हलवून पाहिला. मग माझी सुई काढून नखावर फिरवली, म्हणाला, "मावशी, हिचं टोक वाकलंय." त्याने 16 नंबरची सुई घातली आणि जीन्सची घडी शिवली. सुटणारे टाके बरेच कमी झाले, पण जिथे शिवणीवर शिवण येते तिथे एकदोन सुटलेच. "शटलचं टोक झिजलं असेल. गोल बॉबिनचं आहे ना, मिळेल ते," असं म्हणून त्याने साडेतीन हजार मोजले. किंमत पाडून मागितली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "लिहिलंय तेच निघालं, मग काय मागायचं? इतर ठिकाणी 'चालू स्थितीत' वाचून जातो आणि भाड्याचे पैसे वाया जातात."

जुनाबाजार
ताई, फसलात. मशीनवरचा नंबर बघितला होता का? Y अक्षराने सुरू होत असेल तर ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचं. अँटिक म्हणून पंचवीस हजार आरामात आले असते.

कात्री
माझ्या वडिलांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, आता मी बघतो. नंबराचं खरं आहे, Y म्हणजे क्लाइडबँक, 1921 नंतरचं. पण अशी मशीनं लाखांनी निघाली, दर दोन गल्ल्यांत एक सापडतं. जुनं आहे म्हणजे दुर्मीळ आहे असं नाही. पंचवीस हजार मागणाऱ्यांची मशीनं मी वर्षानुवर्षं तिथेच पडलेली पाहतो.

सांगलीकरीण, तुमच्या जाहिरातीतला सगळ्यात कामाचा शब्द 'गोल बॉबिन'. त्याच जुन्या मशीनांत एक लांब बॉबिनचा प्रकार आहे. त्याचं शटल बंदुकीच्या गोळीसारखं असतं आणि आत पुढेमागे झुलतं. टाका सुंदर येतो, पण ते शटल खराब झालं तर धुंडाळत बसावं लागतं. गोल बॉबिनच्या बऱ्याच मशीनांना आपल्याकडच्या साध्या घरगुती काळ्या मशीनांचे भागही बसतात, म्हणून ते तालुक्याच्या गावीही मिळतात. पोटासाठी मशीन घेणारा आधी हेच बघतो. फोटोत खालची सरकपट्टी उघडून बॉबिन दाखवली की निम्मे प्रश्न मिटतात.

त्याने सुईचा दांडा हलवला तेही बरोबर केलं. तिथे खेळ असेल तर सुई दर वेळी वेगळ्या जागी उतरते, मग शटल बदलूनही टाके सुटतात. तो दांडा घट्ट होता का?

सांगलीकरीण
त्याने मान डोलावली आणि पुढे गेला, म्हणजे घट्ट असावा. मी स्वतः हात लावून पाहिला नाही.

पश्चिमघाट
पाऱ्याची भानगड काय आहे? मलाही असा फोन आला होता. तो माणूस म्हणे सुईजवळ मोबाइल धरून बघा, रेंज जाते का.

कात्री
अफवा आहे. 2009 मध्ये सौदी अरेबियात उठली होती, की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो. तिथे लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले. मशीनमध्ये पारा कुठेच नसतो, बीड, पोलाद आणि तेल एवढंच. असा फोन आला की सरळ ठेवून द्या. घरी बोलावू नका.

निळी छत्री
आमच्या आजीचं मशीन रत्नागिरीला आहे. ती कायम खोबरेल तेल घालायची आणि ते झकास चालायचं. विकायच्या आधी तेच घालून ठेवते, म्हणजे हलकं फिरेल.

कात्री
त्या दिवशी फिरेल. खोबरेल, गोडेतेल पुढे चिकट होतं, सुताचा भुगा धरतं आणि थंडीत मशीन जड होतं. आधी तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, चाक बराच वेळ फिरवा, काळं पाणी पुसून काढा आणि मग मशीनचं पातळ तेल घाला. रॉकेल तसंच ठेवू नका, कोरडं पडून आतले भाग घासतात. आणि जाहिरातीत 'बरीच वर्षं बंद होतं' हे लिहा.

धारवाडी
माझी शिलाई मशीन नाही, आईचा पाटा-वरवंटा आहे. कोणी घेतं का? किंमत काय सांगावी?

सांगलीकरीण
वेगळा धागा काढा ना, खूप जण सांगतील.

जुनाबाजार
एक राहतंच. दोष विचारल्यावर सांगावेत, आधीच का लिहायचे? तुमच्या नशिबाने मुलगा सरळ भेटला. दुसऱ्या कोणी 'दात झिजलेत' वाचून दीड हजारच देऊ केले असते.

दोराबंडल
मी स्वतः असंच जुनं मशीन घेऊन शिवणकाम सुरू केलं, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. दोष आधी कळला तर खर्च धरता येतो. दात बदलणं मोठं काम नाही, पण दात, शटल आणि पट्टा तिन्ही घरी नेल्यावर कळलं तर पहिल्या महिन्याची कमाई त्यातच जाते. दीड हजार देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणता येतं.

आणि त्या मुलाला मोटार लावायची असेल तर आधी मशीनच्या मागच्या बाजूला तिच्या स्क्रूचं भोक आहे का बघायला सांगा. माझ्या मशीनला नव्हतं, मोटार टेबलाला बसवावी लागली. त्याच्या टेबलाची फळी वाळवीने गेली असेल तर ती आधी बदलावी लागेल.

सांगलीकरीण
हे त्याला कळवते. मोटारीचं तो विचारत होताच, आणि मला ठाऊक नव्हतं.

पश्चिमघाट
माझ्याकडचं लांब बॉबिनचं निघालं, आत्ताच सरकपट्टी उघडून पाहिलं. शटल आहे, पण बॉबिन एकच. कात्री, असं मशीन शिवणाऱ्याला द्यावं का, की नकोच?