ऑक्टोबर की डिसेंबरची सुरुवात? ठाण्याच्या मंडळींना काणकोणला कधी बोलवू?

म्हापशेकर: ठाण्याहून मावशी, काका आणि मावसबहिणीची सहा वर्षांची मुलगी येणार आहेत. पाळोळे किंवा आगोंदला चार रात्री राहायचंय. नाताळचे दर परवडत नाहीत. काका म्हणतात ऑक्टोबर, मला डिसेंबरची सुरुवात बरी वाटते. 2026 मधला कोणता आठवडा धरू?

पणजीवाली: डोळे मिटून ऑक्टोबर. दसरा 20 तारखेला आहे, तोवर पाऊस आटोपतो. सगळं हिरवंगार, रस्ते मोकळे, आणि हॉटेलवाले फोनवरच दर उतरवतात. डिसेंबर लागला की त्यांचा सूर बदलतो.

काणकोणकर: ताई, तुमचं पणजी-कळंगुटपुरतं बरोबर आहे, कारण तिथली बहुतेक हॉटेलं पक्की, बारा महिने उघडी. आमच्याकडे गणित वेगळं. पाळोळे, पाटणे, आगोंदचे किनाऱ्यावरचे हट लाकूड-बांबूचे. पावसाळ्याआधी ते उतरवतात आणि पावसानंतर नव्याने उभारतात, तेही परवाना हातात पडल्यावर. ऑक्टोबरच्या मध्यात रांगेतले दोन-तीन तयार, बाकीच्यांचे नुसते खांब, आणि सकाळी आठपासून हातोडी. संकेतस्थळावरचे फोटो मात्र गेल्या जानेवारीचे असतात. म्हणून बुकिंगआधी मालकाला सांगा, खोलीच्या दारातून पाण्यापर्यंत चालत आजचा व्हिडिओ काढून पाठवा. ज्याचं काम झालंय तो लगेच पाठवतो. टाळाटाळ झाली तर समजून जा.

दुसरं, पाऊस एकदम थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये दुपारपर्यंत रखरखीत ऊन, संध्याकाळी ढग भरून गडगडाट. बहुतेक दिवशी तासाभरात मोकळं होतं, ते मोठ्यांना चालतं. पण 2019 मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळ आलं तेव्हा समुद्र किती आत घुसला ते इथल्या शॅकवाल्यांना विचारा. लहान मुलगी पाण्यात खेळणार असेल तर लाल बावट्याचे दिवस कमीत कमी हवेत.

सांगेकर: माझं ऐकाल तर जुलैत या! दूधसागर तेव्हाच खरा. आम्ही दरवर्षी पाहुण्यांना पावसातच बोलावतो.

काणकोणकर: सांगेकर, त्यांना समुद्र हवाय, आणि कुळ्याच्या जीपा पावसाळ्यात बंद असतात.

म्हापशेकर, डिसेंबरमध्येही आठवडा निवडून घ्या. 3 तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, गुरुवार आहे, म्हणजे लोक रविवारपर्यंत जोडून येणार. 19 ला मुक्तिदिन, शनिवार, आणि तिथून दर थेट नाताळाला जाऊन मिळतात. मधला सोमवार 7 ते शुक्रवार 11 घ्या. हट उभे झालेले, पाणी शांत, आणि शनिवार-रविवारचा भाव टळतो.

कराचंही बघा. खोलीचं भाडं रात्रीला 7500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की 18. समजा तीच खोली 7 तारखेला 7000 आणि नाताळात 9000. हातातून जाणारे पैसे 7350 आणि 10620. दोन हजारांचा फरक सव्वातीन हजारांवर जातो.

पणजीवाली: काणकोणबद्दल मान्य. पण 7000 ही काय स्वस्ताई? ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पक्की खोली याहून बरीच कमी दरात मिळते. हट हवेतच असा हट्ट का?

कोकणरेल्वेप्रेमी: दर पाहताय तशी गाडीही पाहा. पावसाळी वेळापत्रक 2025 मध्ये 20 ऑक्टोबरपर्यंत होतं, त्याआधीच्या वर्षांत 31 पर्यंत. तेवढ्या काळात मुंबई-मडगाव वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि साधारण दहा तास घेते. एरवी शुक्रवार सोडून रोज, पावणेआठ तासांत. ती ठाण्याला थांबते. 7 डिसेंबरचं आरक्षण 60 दिवस आधी, म्हणजे 8 ऑक्टोबरला सकाळी उघडेल. शुक्रवारी ती नाही, म्हणून परतीला दुसरी गाडी शोधा किंवा शनिवारी निघा.

म्हापशेकर: शनिवारी निघालो तर पाचवी रात्र वाढते.

काणकोणकर: वाढू द्या. शुक्रवारची ती रात्र पाळोळ्यात न काढता मडगावात पक्क्या खोलीत काढा, स्टेशन जवळ पडेल. मावशींना काणकोणहून मडगावचा तासाभराचा घाट उन्हात, सामानासकट नको.

पणजीवाली: दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी शाळा चालू आणि गर्दी नाही. काका पाण्यात उतरणार नसतील, देवळं आणि जुनं गोवं बघणार असतील, तर मी अजूनही 26 ऑक्टोबरचा आठवडाच सांगेन.

म्हापशेकर: काका देवळांवर खूष, पण पोर किनाऱ्यासाठी हट्ट धरून बसलीय. आजच दोन हटवाल्यांना फोन करतो, डिसेंबरच्या आठवड्याचा भाव शनिवार धरून आणि न धरून दोन्ही विचारतो.