मदत हवी आहे: एसओपीआधीच्या प्रश्नांत ‘म्हणून काय?’ कसं विचारावं?

नमस्कार मंडळी. यूकेला पदवीसाठी अर्ज करणाऱ्या बारावीच्या मुलांना मी इथे पुण्यात मदत करते. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅस या तिथल्या प्रवेश-अर्ज यंत्रणेचं वैयक्तिक निवेदन, म्हणजे आपली एसओपी, तीन प्रश्नांत विभागलंय. एकूण ४००० अक्षरं, प्रत्येक उत्तराला किमान ३५०.

कोरं पान समोर आलं की मुलं अडतात, म्हणून मसुद्याआधी साधे प्रश्न विचारते. ‘हा विषय का आवडतो?’ हा सुरुवातीला टाळते, कारण त्यावर ‘लहानपणापासून आवड’ एवढंच येतं. त्याऐवजी: काय केलंस? कुठे अडलं? मग काय बदललंस? उत्तरं बोलूनच घ्यायची, लिहायला लावलं की लगेच भाषण सुरू होतं.

एकीने आधी ‘पर्यावरणाची आवड’ सांगितली. याच प्रश्नांवर निघालं की तिने मुठेच्या पाण्याचा पीएच मोजला, पट्टीचा रंग संध्याकाळच्या उजेडात नीट कळेना, म्हणून वेळ सकाळची केली. हे खरं साहित्य!

गाडी अडते ती पुढे. तिसऱ्या प्रश्नात अभ्यासाबाहेरचा अनुभव उपयोगी का, हेही सांगायचं असतं. तिथे मुलं ‘संयम शिकले’ म्हणून थांबतात. त्या पीएचवरून अभ्यासक्रमापर्यंत नेणारा नेमका प्रश्न तुम्ही कोणत्या शब्दांत विचारता?